पाच कोटींची रेषा कशी मोजावी: वाढत्या कारखानदारासाठी ई-इन्व्हॉइस

ई-इन्व्हॉइस म्हणजे बिलाची पीडीएफ ईमेलने पाठवणे नव्हे. बिलाचा तपशील आधी सरकारमान्य नोंदणी पोर्टलवर जातो, तेथून त्याला आयआरएन हा 64 अक्षरांचा बिल-ओळख क्रमांक आणि सही असलेला क्यूआर कोड मिळतो, आणि त्यानंतरच ते बिल कायद्याच्या दृष्टीने बिल ठरते. ज्याला हा नियम लागू आहे त्याने आयआरएनशिवाय दिलेला कागद केंद्रीय जीएसटी नियमावलीच्या नियम 48(5) प्रमाणे बिल मानलाच जात नाही. म्हणून सॉफ्टवेअर कोणते घ्यावे हा प्रश्न नंतरचा. नियम आपल्याला लागू आहे का, आणि कोणत्या तारखेपासून, हे आधी ठरवावे. बहुतेक जण नेमके येथेच चुकतात, आणि मीही चुकलो होतो.

ही सक्ती 1 ऑक्टोबर 2020 रोजी 500 कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या उद्योगांपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने खाली येत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आली. नियमातील शब्द असे आहेत की 2017-18 पासूनच्या कोणत्याही मागील आर्थिक वर्षात एकूण उलाढाल या मर्यादेपेक्षा जास्त झालेली असावी. "कोणत्याही" हा शब्द दोनदा वाचावा. केवळ गेल्या वर्षाचा आकडा पाहणे किंवा तीन वर्षांची सरासरी काढणे या दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत, तरी हा सल्ला आजही सर्रास दिला जातो.

आमच्या कारखान्याची उलाढाल 2018-19 मध्ये एका मोठ्या ऑर्डरमुळे पाच कोटींच्या थोडी वर गेली होती आणि पुढची चार वर्षे ती चार कोटींच्या आसपास राहिली. ऑगस्ट 2023 मध्ये मी ताळेबंद उघडून मागची तीन वर्षे पाहिली आणि आपला संबंध नाही असे ठरवून निर्धास्त झालो. काही महिन्यांनी एका मोठ्या ग्राहकाच्या लेखा विभागाने बिले परत पाठवली, कारण आयआरएन नसलेल्या बिलावर त्यांना इनपुट टॅक्स क्रेडिट घेणे धोक्याचे वाटत होते. पैसे तर अडकलेच, शिवाय मधल्या काळातील सगळी बिले मूळ क्रमांक आणि मूळ तारखेनेच पोर्टलवर चढवावी लागली. आमच्या आकाराच्या उद्योगाला मुदतीचे बंधन नसल्याने पोर्टलने ती स्वीकारली, अन्यथा तेही जमले नसते. तेव्हा जीएसटी सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक वर्षाचा आकडा एका कागदावर लिहून काढावा. एकदा रेषा ओलांडली की पुढे उलाढाल घटली तरी सुटका नाही.

आता तो आकडा कोणता? नफा-तोटा पत्रकातील "विक्री" नव्हे. येथे मोजायची उलाढाल पॅनवर चालते, एका जीएसटी क्रमांकावर नाही. एकाच पॅनवरच्या सर्व राज्यांतील सर्व नोंदणी क्रमांकांची करपात्र विक्री, करमाफ विक्री आणि निर्यात त्यात येते. आपल्याच एका राज्यातील नोंदणीकडून दुसऱ्या राज्यातील नोंदणीकडे पाठवलेला मालही येतो. जीएसटीची रक्कम मात्र वगळायची, आणि रिव्हर्स चार्जखाली विक्रेत्याऐवजी आपण कर भरतो ती खरेदीही वगळायची.

एक उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या एका कारखान्याचा बेळगावात डेपो आहे आणि त्याची कर्नाटकात वेगळी नोंदणी आहे. 2024-25 मध्ये कारखान्यातून बाहेरच्या ग्राहकांना कर वगळून 3 कोटी 90 लाखांची विक्री झाली, 30 लाखांची निर्यात झाली आणि डेपोतून 45 लाखांचा माल विकला गेला. हिशेबनीस याची बेरीज 4 कोटी 65 लाख सांगतो, आणि लेखापुस्तकांच्या दृष्टीने ती बरोबरही आहे. परंतु त्याच वर्षी कारखान्याने डेपोला 41 लाखांचा माल कर लावून पाठवला होता. ताळेबंदात ही अंतर्गत हालचाल म्हणून उडून जाते, पण जीएसटीच्या नजरेत तो पुरवठा आहे. बेरीज 5 कोटी 6 लाख झाली आणि रेषा ओलांडली गेली. वर्षाच्या मध्ये रेषा ओलांडली म्हणून दुसऱ्या दिवशी काही बदलत नाही. "मागील आर्थिक वर्ष" हाच निकष असल्याने या कारखान्याला नियम 1 एप्रिल 2025 पासून लागू झाला.

मालकी व्यवसायात आणखी एक खाच आहे. पॅन व्यक्तीचा असतो, त्यामुळे त्याच माणसाच्या नावावरचे दुसरे दुकान, भाड्याने दिलेली शेड आणि विकलेले जुने लेथ यांचीही रक्कम बेरजेत येते. पत्नीच्या नावाचा व्यवसाय वेगळ्या पॅनवर असल्याने तो येत नाही.

पोर्टलवर आपल्या जीएसटी क्रमांकासमोर ई-इन्व्हॉइस सुरू असल्याचे दिसते की नाही, यावर विसंबून राहू नये. ती नोंद भरलेल्या विवरणपत्रांवरून आपोआप होते आणि कायदेशीर जबाबदारी ठरवत नाही. नोंद नसेल आणि बेरीज वर गेली असेल, तर आपणच ती सुरू करून घ्यावी.

पुढचे काम सोपे आहे. पोर्टलवर नोंदणी करावी, बिलिंग सॉफ्टवेअर त्याला जोडावे आणि एक बिल काढून क्यूआर कोड छापला जातो का ते पाहावे. नोंदणीकृत ग्राहकांची बिले, निर्यात, आणि या व्यवहारांच्या क्रेडिट व डेबिट नोटा यांना आयआरएन लागतो. भंगार नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकले तर त्यालाही लागतो, हे हमखास विसरले जाते. नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बिलाला आणि जॉबवर्कला माल पाठवण्याच्या चलनाला लागत नाही.

चूक सापडल्यास घड्याळाकडे पाहावे. आयआरएन रद्द करण्यास 24 तास मिळतात, आणि त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी तेच रद्द करावे लागते. रद्द झालेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. पोर्टलवर दुरुस्तीची सोय मुळातच नाही. मुदत गेल्यावर दर जास्त लागला असेल तर फरकाची क्रेडिट नोट काढावी. ग्राहकाचा जीएसटी क्रमांकच चुकला असेल तर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट आणि नवीन बिल हाच सरळ मार्ग आहे. माल गेटबाहेर जाण्यापूर्वी ग्राहकाचा क्रमांक तपासण्याची सवय आम्ही अशाच एका प्रकरणानंतर लावून घेतली.

उलाढाल 10 कोटींवर पोहोचली की मात्र ढिलाई परवडत नाही. 1 एप्रिल 2025 पासून अशा उद्योगांना बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत नोंद करावी लागते, आणि त्यानंतर पोर्टल ते बिल स्वीकारतच नाही. क्रेडिट व डेबिट नोटांनाही हीच मुदत आहे. महिनाअखेरीस सगळी बिले एकदम चढवण्याची सवय असेल तर पहिल्या तारखेचे बिल अगदी काठावर येते, म्हणून साडेआठ-नऊ कोटींवर असतानाच रोजच्या रोज नोंद करण्याची पद्धत बसवून घ्यावी.