जड कप्पी आणि दोन बाजूंचे दोन ताण : या चुका टाळा

कप्पीवरून दोरी टाकून तिच्या दोन टोकांना असमान वस्तुमाने टांगली, की जी मांडणी तयार होते तिला अॅटवूड यंत्र म्हणतात. केंब्रिजच्या जॉर्ज अॅटवूड यांनी तिचे वर्णन १७८४ मध्ये प्रसिद्ध केले. कप्पीचे वस्तुमान नगण्य मानले असेल तर हे उदाहरण दोन समीकरणांत सुटते, पण कप्पी जड आहे असे सांगितल्यावरही विद्यार्थी बरेचदा तीच दोन समीकरणे लिहितात, आणि उत्तर तिथेच चुकते.

एक उदाहरण घेऊ. एका टोकाला ३ किलोग्रॅम (m₁), दुसऱ्या टोकाला २ किलोग्रॅम (m₂), आणि कप्पी म्हणजे २ किलोग्रॅमची, ०.१ मीटर त्रिज्येची भरीव चकती. दोरी हलकी व न ताणणारी आहे, ती कप्पीवर घसरत नाही आणि आसापाशी घर्षण नाही. g = ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरू.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दोरीच्या दोन्ही बाजूंना एकच ताण T लिहिणे. दोरी एकच आहे, म्हणून ताणही एकच, असा हा समज आहे. परंतु कप्पी फिरवायची तर तिच्यावर निव्वळ टॉर्क हवा आणि तो (T₁ − T₂)R एवढाच असतो. ताण समान धरले की टॉर्क शून्य होतो. मग स्थिर असलेली कप्पी स्थिरच राहील आणि दोरी न घसरता वस्तुमानांना त्वरण मिळणार नाही. म्हणजे समान ताणाचे गृहीतक स्वतःच्याच अटीशी विसंगत ठरते. म्हणून समीकरणे तीन लिहावी लागतात :

m₁g − T₁ = m₁a
T₂ − m₂g = m₂a
(T₁ − T₂)R = Iα, जिथे α = a/R

तिसऱ्या समीकरणाला R ने भागले की T₁ − T₂ = (I/R²)a मिळते. तिन्हींची बेरीज केली की ताण निघून जातात आणि उरते a = (m₁ − m₂)g / (m₁ + m₂ + I/R²).

इथे दुसरी चूक होते : छेदात कप्पीचे सगळे वस्तुमान मिळवले जाते. भरीव चकतीचे जडत्व आघूर्ण I = ½MR² आहे, त्यामुळे I/R² म्हणजे निम्मे वस्तुमान, १ किलोग्रॅम. कारणही स्पष्ट आहे : चकतीचा बराचसा भाग कडेपेक्षा आसाच्या जवळ असतो आणि दोरीपेक्षा कमी वेगाने फिरतो. सर्व वस्तुमान कडेला असलेल्या कड्याच्या बाबतीत मात्र पूर्ण M मिळवणे बरोबर आहे. आपल्या उदाहरणात छेद ६, म्हणून a = ९.८ ÷ ६ = १.६३ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्यावरून T₁ = ३(९.८ − १.६३) = २४.५ न्यूटन आणि T₂ = २(९.८ + १.६३) = २२.८७ न्यूटन. फरक १.६३ न्यूटन, तो १ किलोग्रॅम गुणिले a इतकाच आहे, म्हणजे तिसरे समीकरणही जुळते.

चिन्हाची चूक ओळखणे सोपे आहे. टॉर्कच्या समीकरणात T₂ − T₁ लिहिले गेले, तर छेद ६ ऐवजी ४ होतो आणि त्वरण २.४५ येते. वस्तुमानरहित कप्पीसाठी ते १.९६ असते, आणि जड कप्पी त्वरण वाढवू शकत नाही, तेव्हा १.९६ पेक्षा मोठे उत्तर दिसले की लगेच चिन्हे तपासावीत. ताणांसाठीही अशीच कसोटी आहे : १९.६ < T₂ < T₁ < २९.४, म्हणजे दोन्ही ताण दोन वजनांच्या मधेच यायला हवेत आणि खाली जाणाऱ्या बाजूचा ताण मोठा असायला हवा.

एक गफलत शब्द नीट न वाचल्याने होते, आणि ती माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. ‘घर्षणरहित कप्पी’ याचा अर्थ सहसा आसापाशी घर्षण नाही असा असतो, खाचेत नाही असा नव्हे. खाचेतही घर्षण नसेल तर दोरी नुसती सरकेल, कप्पी फिरणारच नाही, ताण समान राहतील आणि त्वरण १.९६ येईल, कप्पी कितीही जड असो. दोरी घसरू नये यासाठी अर्ध्या वेढ्यावर T₁/T₂ चे प्रमाण e^(μπ) पेक्षा जास्त होता कामा नये. आपल्या उदाहरणात ते १.०७ आहे, म्हणून घर्षणांक सुमारे ०.०२२ असला तरी पुरतो.

कप्पी ज्या हुकाला टांगली आहे त्यावरील बल विचारले, तर २T लिहू नये आणि सगळ्यांचे वजनही लिहू नये. ते T₁ + T₂ + Mg, म्हणजे २४.५ + २२.८७ + १९.६ = ६६.९७ न्यूटन आहे. एकूण वजन ६८.६ न्यूटन असूनही ते कमी येते, कारण जड वस्तुमान खाली त्वरित होत असल्याने संपूर्ण संस्थेचा वस्तुमानमध्य खालच्या दिशेने त्वरित होत असतो.