तुकडे केले तरी काम हलत नाही? या चुका टाळा

सोलापुरात काम पुढं ढकलायला बाराही महिने कारण असतं. जानेवारीत गड्ड्याची जत्रा, एप्रिल-मेमध्ये ऊन, मग पाऊस, मग गणपती. वडील गेल्यावर मोहोळ तालुक्यातल्या शेतावर वारस नोंद करायची होती. कायद्यानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, मी तीन वर्षं लावली. त्यामुळे “मोठ्या कामाचे छोटे तुकडे करा” हा सल्ला मला कुणी शिकवू नये. तुकडे मीही केले होते, पण चुकीचे.

माझ्या वहीत पहिला तुकडा होता, ‘कागदपत्रं गोळा करणे’. हा तुकडा नाहीच, हे त्या ढिगाचंच दुसरं नाव. वही उघडली की आधी पलंगाखालची वडिलांची ट्रंक आठवायची आणि मी वही मिटायचो. आता माझी कसोटी सोपी आहे. लिहिलेली ओळ शेजारच्या पोराच्या हातात दिली, तर काही न विचारता त्याला ते काम करता येईल का? ‘गोळा कर’ म्हटलं तर तो विचारेल, “काय, काका? कुठनं?” ‘ट्रंक ओढून बाहेर काढ’ म्हटलं की तो काढेल.

तसंच केलं. सोमवारी ट्रंक बाहेर ओढली, उघडली नाही. मंगळवारी उघडून वरचं एकच पाकीट काढलं. त्यात वडिलांचा चष्मा निघाला, तो दिवस तिथंच संपला. बुधवारी मृत्यू दाखला सापडला, तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला. बाकी एकही कागद वाचायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. जुनी पत्रं वाचायला बसलो असतो, तर ट्रंक परत पलंगाखाली गेली असती. गुरुवारी मोबाईलवर bhulekh.mahabhumi.gov.in उघडून जिल्हा, तालुका, गाव निवडलं आणि सातबाऱ्यावरचा गट नंबर कागदावर उतरवला. एकाही दिवशी दहा मिनिटांवर गेलो नाही.

इथं घाईवाले लोक हसतात. “एवढंच? मी एका रविवारात उडवतो की ओ!” माझ्या भाच्यानं असंच केलं. पहिलं पाऊल सोपं गेलं म्हणून सलग सहा तास बसला, नि पुढचा महिनाभर त्या फाईलकडं फिरकला नाही. पहिले तीन-चार दिवस जोर आला तरी थांबावं, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर उद्या बसताना दहा मिनिटं आठवत नाहीत, सहा तास आठवतात.

दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. पुढची ओळ होती, ‘वारसांची नावं लिहिणे’. आई, मी, दोन बहिणी. पाच मिनिटांचं काम, पण ते दोन महिने अडलं. मी आणखी बारीक तुकडे करत बसलो: पेन घेणे, कोरा कागद घेणे. तरी हात चालेना. तेव्हा लक्षात आलं की अडचण आकाराची नव्हतीच. त्या ओळीत न घेतलेला एक निर्णय लपला होता: बहिणी वाटा मागतील का, आणि ते त्यांना विचारायचं कसं?

दोन गोष्टी वेगळ्या कागदांवर लिहिल्या आणि गाठ सुटली. वारस नोंदीत मुलींची नावं लागतातच, त्यात ठरवायचं काही नव्हतं. हिस्सा कुणाला सोडायचा असेल तर हक्कसोड पत्र पुढं कधीतरी, निबंधकाकडं नोंदवून, स्वतंत्रपणे होतं. म्हणजे नावं त्याच दिवशी लिहिता आली असती. थोरल्या बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, “येवढ्यासाठी तीन वर्षं गप्प बसलास व्हय रे?”

तेव्हापासून माझी सवय अशी: पाच मिनिटांचा तुकडा तीन दिवस हलला नाही, तर त्याला आणखी कापत नाही. त्यात काय ठरवायचं राहिलंय किंवा कुणाशी बोलायचं टाळतोय, ते शोधतो.

बाकी चुका किरकोळ. सुरुवातीलाच चाळीस पायऱ्यांची रंगीत यादी करू नका, तीही टाळाटाळच. पुढच्या दोन पुरतात. उठताना उद्याची पहिली ओळ लिहून ठेवा.

आणि जे दुसऱ्याच्या हातात आहे त्याचे तुकडे करू नका. तलाठ्यानं फेरफार धरल्यावर नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस थांबावं लागतं. त्या दिवसांत मी रोज फाईल उघडून बघायचो आणि उगीच धास्तावायचो. शेवटी बायकोनं कॅलेंडरवर सोळाव्या दिवसाभोवती लाल गोल केला आणि फाईल कपाटात टाकून किल्ली स्वतःकडं ठेवली.