बॅनरच्या प्रूफवर फोन नंबर चुकलाय? प्रिंटरला मेसेज लिहिताना हे सांभाळा

नवीन दुकान टाकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. प्रूफ म्हणजे काय, फ्लेक्स कुठे छापतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात वेळ घालवत नाही. प्रूफवर फोन नंबर चुकलेला दिसला की प्रिंटरला नेमकं काय लिहायचं, एवढ्याबद्दलच बोलतो. गोष्ट दोन ओळींची वाटते, पण माझ्या दुकानावरच्या बॅनरवर नंबरच्या जागी आजही व्हिनाइलची पट्टी चिकटवलेली आहे. फ्लेक्सची चमक वेगळी, पट्टीची वेगळी. ऊन पडलं की रस्त्यापलीकडूनही तो चौकोन कळतो. तुमच्या बॅनरवर तो येऊ नये.

फसवणारी जागा आधीच सांगून टाकतो. साधारण सगळेजण असा मेसेज करतात: "दादा, मस्त झालंय. फक्त नंबर चुकलाय, शेवटी ८१ पाहिजे. बाकी ओके." वाचायला सरळ आहे. दुरुस्ती सांगितली, कौतुकही केलं. पण या एका मेसेजमध्ये दुरुस्ती आणि मंजुरी दोन्ही एकदम दिलेल्या आहेत. प्रिंटिंगच्या दुकानात मेसेज वाचणारा एक, डिझाइन करणारा दुसरा आणि मशीनवर फाइल लावणारा तिसरा असू शकतो. गर्दीच्या वेळी तिसरा माणूस दुसऱ्याला एवढंच विचारतो, "ओके आलं का?" आणि मेसेजमध्ये ओके आलेलं असतं. तो खोटं बोलत नाही. तुम्हीच तो शब्द लिहिलेला असतो, आणि मंजूर झालेलं प्रूफ चुकलं तर पुन्हा छापायचा खर्च कुणी करायचा, यावरचा वाद तिथेच तुमच्या विरुद्ध जातो.

म्हणून मेसेजचं पहिलं वाक्य "अजून छापू नका" हेच असू द्या. त्यात उद्धटपणा काही नाही. काम करणाऱ्या माणसाला त्याने सोयच होते, कारण फाइल बाजूला ठेवायची की पुढे सरकवायची, हे त्याला एका नजरेत कळतं. "ओके", "छान", "फायनल", अंगठ्याचं चिन्ह, यातलं काहीही दुरुस्तीच्या मेसेजमध्ये नको. कौतुक बॅनर लागल्यावर करा, तेव्हा ते त्यालाही जास्त आवडतं.

आता "शेवटी ८१ पाहिजे" याकडे बघू. समजा तुमचा नंबर 12345 64781 आहे आणि प्रूफवर 12345 64718 छापलाय (आकडे मुद्दाम बनावट घेतलेत). डिझाइन करणाऱ्याने तुमचा मेसेज वाचला, फाइल उघडली, खालच्या पट्टीतला नंबर दुरुस्त केला. काम झालं असं त्याला वाटलं, आणि त्याच्या बाजूने ते झालंही. पण तोच नंबर वर उजव्या कोपऱ्यात व्हॉट्सॲपच्या चिन्हाशेजारीही होता. तो तसाच राहिला. आणि तुम्ही क्यूआर कोड टाकून घेतला असेल, तर त्याच्या पोटात जुनाच नंबर बसलेला आहे, तो तर डोळ्यांना दिसतही नाही.

डिझाइन करणारा सगळीकडे एकदम का बदलत नाही? कारण फाइलमधली अक्षरं बऱ्याचदा अक्षरं उरलेलीच नसतात. कोरल ड्रॉमध्ये काम पुरं करताना मजकूर Ctrl+Q करून कर्व्हमध्ये बदलतात, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला तरी आकार बिघडत नाही. त्यानंतर तो नंबर म्हणजे नुसते आकार, चित्रासारखे. ते शोधून बदलण्याची सोय तिथे चालत नाही. मग तो एकतर नंबर नव्याने टाइप करतो, नाहीतर १ आणि ८ चे आकार उचलून त्यांच्या जागांची अदलाबदल करतो. जिथे त्याची नजर गेली तिथे बदलतो. नजर कुठे कुठे जायला हवी, हे सांगायचं काम तुमचं.

मेसेज लिहिण्याआधी प्रूफ मोठं करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा आणि नंबर किती ठिकाणी आहे ते मोजा. मग असं काहीतरी लिहा:

"नमस्कार दादा. बॅनर अजून छापू नका, फोन नंबर चुकला आहे.
प्रूफवर आहे: 12345 64718
पाहिजे: 12345 64781
नंबर दोन ठिकाणी आहे, खालच्या लाल पट्टीत आणि वर उजवीकडे व्हॉट्सॲपच्या चिन्हाजवळ. दोन्हीकडे बदला. क्यूआर कोडमध्येही जुनाच नंबर आहे, नवा कोड सोबत पाठवतोय, जुना काढून हा लावा.
दुरुस्त केलेलं प्रूफ पाठवा. ते बघून मी 'छापा' असं लिहीन, त्यानंतरच मशीनवर घ्या."

हा मेसेज त्याच प्रूफच्या फोटोवर रिप्लाय करून पाठवा. एका बॅनरची तीन-चार प्रूफं येऊन गेलेली असतात आणि "तो मघाचा" म्हणजे कोणता, हे दोघांच्या डोक्यात वेगळं असू शकतं. रिप्लाय केला की फोटो मेसेजला चिकटूनच जातो.

पूर्ण नंबर लिहायचा, फक्त चुकलेले आकडे लिहायचे नाहीत. चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही एकाखाली एक आले की वाचणाऱ्याला फरक आपोआप दिसतो. बॅनरवर आकडे पाच-पाच असे तोडून लिहिले असतील तर मेसेजमध्येही तसेच तोडा, म्हणजे नजर गटागटाने जुळवत जाते.

आकडे मात्र इंग्रजीत लिहा. मराठीचा अभिमान मलाही आहे, तरी इथे हट्ट नको. मराठी १ घाईत इंग्रजी 9 सारखा वाचला जातो आणि मराठी ४ तर थेट इंग्रजी 8 वाटतो, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तर हमखास. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. डिझाइनच्या अनेक दुकानांत मराठीसाठी अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. तुमच्या मेसेजमधले मराठी आकडे कॉपी करून तिथे टाकले तर ते नीट उमटत नाहीत. मग तो माणूस मोबाइलकडे बघत बघत हाताने टाइप करतो. आकड्यांची उलटापालट होते ती अशा बघून टाइप करण्यात. बॅनरवर मराठी आकडेच हवे असतील तर तसं शब्दांत सांगा आणि नंबर तरीही इंग्रजीत द्या.

आता माझं एक ठाम मत, कुणाला पटो न पटो. नंबरासाठी व्हॉइस मेसेज पाठवू नका. "फोन करून सांग रे, पटकन होतं" असा सल्ला देणारे अनुभवी लोक तुम्हाला नक्की भेटतील, मलाही भेटले. बाकी सगळ्या बाबतीत त्यांचं ऐका. पण बोललेला नंबर कुणीतरी ऐकून लिहिणार, लिहिलेला बघून दुसरा टाइप करणार, आणि प्रत्येक टप्प्यावर तो घसरायला जागा आहे. फोनवर सांगितलं तर त्याची नोंदही कुठे राहत नाही. फोटोवर लाल गोल काढून पाठवणं चांगलं, पण नुसता गोल काढला तर काहीतरी चुकलंय एवढंच कळतं, काय पाहिजे ते कळत नाही.

फोन करायची वेळ एकच: मंजुरी तुमच्याकडून गेलेली आहे आणि चूक नंतर दिसली. तेव्हा लगेच फोन लावा आणि "मशीन थांबवा, नंबर चुकलाय" एवढंच बोला. आकडे फोनवर सांगत बसू नका, ते मेसेजमध्ये लिहा. छपाई सुरू झाली असली तरी घाबरून जाऊ नका. मशीन मध्येच थांबवता येतं. छापलेला तुकडा वाया जातो, पण पूर्ण बॅनर वाया जाण्यापेक्षा ते कधीही बरं.

दुरुस्त प्रूफ आलं की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. इथे लोक फक्त नंबर बघतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. डिझाइन करणाऱ्याच्या संगणकावर तुमच्या बॅनरच्या तीन फाइली असू शकतात, आणि नंबर बदलताना त्याने चुकून जुनी फाइल उघडली तर काल दुरुस्त केलेला पत्ता पुन्हा चुकीचा होऊन येतो. नंबर बरोबर, पत्ता जुना. म्हणून सगळं वाचा.

नंबर तपासताना स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका. आपला नंबर आपल्याला इतका पाठ असतो की 718 लिहिलेलं असलं तरी आपण 781 च वाचतो. दोन उपाय आहेत. एक, प्रूफवर बघून आकडे एकेक करून दुसऱ्या फोनवर दाबा आणि तुमचा फोन वाजतो का बघा. सेव्ह केलेल्या नावावरून फोन लावला तर त्या तपासणीला अर्थ नाही. नंबर जितक्या ठिकाणी आहे तितक्या वेळा हे करा. दुसरा, घरातल्या कुणालाही शेवटाकडून सुरुवातीकडे आकडे मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही कागदावर जुळवा. उलटं वाचताना पाठांतर मदतीला येत नाही, जे छापलंय तेच वाचावं लागतं.

क्यूआर कोड प्रूफच्या फोटोवरून स्कॅन करून बघा. व्हॉट्सॲपचा कोड wa.me पुढे नंबर टाकलेल्या लिंकवरून बनवला असेल तर स्कॅन केल्यावर ती लिंक निघते आणि तिच्यात नंबर सरळ दिसतो. वरच्या उदाहरणात पुढे काय होऊ शकतं ते बघा: दुरुस्त प्रूफ आलं, खालची पट्टी बरोबर, वरचा कोपरा बरोबर, आणि कोड स्कॅन केला तर शेवटी 4718. दिसायला दोन्ही कोड सारखेच, त्यामुळे तो बदलायचा राहून गेला. चिडू नका, त्याला तो फरक दिसणं शक्यच नव्हतं. पुन्हा तसाच मेसेज: "अजून छापू नका. दोन्ही नंबर बरोबर झाले. क्यूआर कोड मात्र जुनाच आहे, सोबतचा लावा आणि प्रूफ पाठवा."

तिसरं प्रूफ आलं, फोन वाजला, कोड बरोबर उघडला, पत्ता आणि नाव वाचून झालं, की मगच मंजुरी द्यायची. तीही त्या शेवटच्या फोटोवर रिप्लाय करून आणि वेगळ्या मेसेजमध्ये: "हे प्रूफ सगळं तपासलं. नंबर 12345 64781 दोन्ही ठिकाणी बरोबर. हेच छापा. आधीच्या फाइली वापरू नका."