ऑफर लेटरमधला पगार फोनवर ठरलेल्या पगाराशी जुळत नाही? एचआरला विचारण्याआधीची तयारी

ऑफर लेटर आलं की पहिल्या पानावरचा मोठा आकडा बघून थांबू नका. थेट शेवटी जा, जिथे पगाराचं कोष्टक असतं. त्याला परिशिष्ट, अ‍ॅनेक्शर किंवा सॅलरी ब्रेकअप म्हणतात. ठरलेलं आणि छापलेलं यातली तफावत बहुतेक वेळा तिथेच सापडते. आणि हे वाचून होईपर्यंत पोर्टलवरचं 'अ‍ॅक्सेप्ट'चं बटण दाबायचं नाही, सध्याच्या नोकरीचा राजीनामाही द्यायचा नाही. राजीनामा गेला की तुमचं विचारणं विनवणी होऊन बसतं.

एक उदाहरण धरू. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीने फोनवर सांगितलं, 'सहा लाख साठ हजार फिक्स.' लेटरच्या पहिल्या पानावर सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ६,६०,००० छापलंय, म्हणजे वरवर सगळं ठीक. परिशिष्टात मात्र फिक्स ६,००,००० आणि व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त मिळू शकणारा भाग, ६०,००० अशी फोड आहे. आकडा तोच, 'फिक्स' हा शब्द तेवढा गळाला.

आता कागद घेऊन हातात येणारी रक्कम काढा. बेसिक फिक्सच्या निम्मं धरलं तर वर्षाला ३,००,०००. कंपनीचा पीएफचा वाटा १५,००० च्या मर्यादेवर कापला जात असेल तर महिना १,८००, वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. हे दोन्ही फिक्सच्या आतच मोजलेले असतात, पण दरमहा हातात पडत नाहीत. ते वजा केले की उरतात ५,६३,९७०, म्हणजे महिना सुमारे ४७,०००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात साधारण ४५,०००. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर प्राप्तिकर लागत नाही, तेव्हा ती कपात नाही. हाच हिशेब फिक्स ६,६०,००० धरून केला तर हातात ४९,९०० च्या आसपास येतात. म्हणजे प्रश्न महिन्याला साधारण ४,९०० रुपयांचा आहे. कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ कापत असेल तर हातातली रक्कम आणखी कमी दिसेल, पण ते पैसे तुमच्याच पीएफ खात्यात जातात. ती तफावत नव्हे. तिचा वाद घातलात तर खरा मुद्दा बाजूला पडतो.

हिशेब करण्यामागे कारण आहे. 'हातात कमी येतंय' अशी तक्रार केली की एचआर पीएफ आणि ग्रॅच्युइटी समजावून सांगतं आणि बोलणं तिथेच संपतं. 'फिक्समध्ये ६०,००० चा फरक दिसतो' असं म्हटलं की उत्तर त्या ६०,००० चंच द्यावं लागतं.

मग पुरावा गोळा करा. कोर्टात जायचंय म्हणून नाही, स्वतःची खात्री पटावी म्हणून. फोन कुठल्या तारखेला, किती वाजता आला, कोण बोललं आणि नेमका कोणता शब्द वापरला, ते आठवेल तसं लिहून काढा. व्हॉट्सअ‍ॅप आणि मेलमध्ये 'फिक्स', 'सीटीसी' हे शब्द शोधा. मुलाखतीच्या दिवशी भरलेल्या फॉर्ममध्ये अपेक्षित पगाराच्या रकान्यात तुम्ही स्वतः काय लिहिलं होतं, तेही आठवा. तिथे 'सीटीसी ६.६' लिहिलं असेल तर गोंधळ दोन्हीकडून झालाय, आणि मेलचा सूर त्याप्रमाणे मऊ ठेवावा लागेल. आकडा प्लेसमेंट कन्सल्टंटने सांगितला असेल तर आधी त्यालाच विचारा की कंपनीने नेमकं काय कळवलं होतं. कंपनीचा 'सीटीसी' त्याच्या तोंडी 'फिक्स' होणं नवं नाही.

लेटरमध्ये एक कलम हमखास शोधा: या पत्राआधीच्या सर्व तोंडी चर्चा रद्द समजल्या जातील, अशा अर्थाचं. ते असेल तर सही केल्यावर फोनवरच्या शब्दाचा आधार जवळपास संपतो. स्वीकारण्याची शेवटची तारीखही बघून ठेवा.

आधी मेल, मग फोन. मेल ज्यांनी लेटर पाठवलं त्यांनाच करा, तुमच्या होणाऱ्या साहेबांना सीसीत घालू नका, नाहीतर एचआरला आपली तक्रार झाल्यासारखं वाटतं. महिनाअखेरीला ही मंडळी पगाराच्या कामात असतात, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर लगेच वाईट अर्थ काढू नका. मजकूर एवढाच पुरे:

'नमस्कार मॅडम, ऑफर लेटर मिळालं, आभारी आहे. १२ तारखेच्या फोनवरून फिक्स पगार वर्षाला ६,६०,००० अशी माझी समजूत झाली होती. परिशिष्टात फिक्स ६,००,००० आणि व्हेरिएबल ६०,००० दिसतं. माझ्या ऐकण्यात गफलत झाली, की लेटर करताना फरक पडला, एवढं कृपया कळवाल का? स्वीकृतीची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. खुलासा येईपर्यंत ती दोन दिवस वाढवून मिळाली तर बरं होईल.'

इंग्रजीत लिहिलंत तरी बांधणी हीच ठेवा. 'तुम्ही कबूल केलं होतं' किंवा 'फसवणूक' असले शब्द नकोत. कॉल रेकॉर्डिंग असेल तर ते स्वतःची खात्री करायला ऐका, जोडून पाठवू नका. आणि एचआरचा फोन ऐरोली-रबाळेदरम्यान लोकलमध्ये आला तर 'अर्ध्या तासात करतो' म्हणा. अर्धवट ऐकल्यामुळेच तर हा घोळ झाला असण्याची शक्यता आहे.

टायपिंगची चूक निघाली तर नव्या तारखेचं सुधारित लेटर मागा, 'दुरुस्त समजा' एवढ्यावर भागवू नका. 'आमचा अर्थ सीटीसीच होता' असं उत्तर आलं तर वाद थांबवून व्हेरिएबलबद्दल विचारा. तो महिन्याला मिळतो, तिमाहीला की वर्षअखेर? मधेच रुजू झाल्यास त्या वर्षाचा किती? मागच्या वर्षी या पदावर प्रत्यक्ष किती टक्के दिला? देयकाच्या तारखेला नोकरीत असणं बंधनकारक आहे का? उत्तरं पटली नाहीत तर दोन मागण्या रास्त ठरतात: पहिल्या वर्षाचा व्हेरिएबल हमीने मिळावा, किंवा त्यातला काही भाग फिक्समध्ये यावा. जॉइनिंग बोनस देऊ केला तर तो ठरावीक मुदतीत नोकरी सोडल्यास परत करावा लागतो का, ते वाचा. शिवाय तो एकदाच मिळतो, पुढच्या वर्षीची वाढ मात्र कमी फिक्सवरच मोजली जाते.

'आधी जॉइन व्हा, सहा महिन्यांनी बघू' असं म्हटलं तर 'चालेल मॅडम, तेवढी एक ओळ मेलवर टाकाल का?' असं विचारा. ओळ आली नाही, तर हा पगार ६,००,००० फिक्सचाच आहे असं धरून निर्णय घ्या.

सुधारित लेटर हाती आलं की पुन्हा परिशिष्टच उघडा. पहिलं पान बदललं आणि मागचं कोष्टक जुनंच राहिलं, असं होतं. दोन्ही जुळले की सही, आणि त्यानंतर राजीनामा.