या चुका टाळा : कॅटलॉगमधले तीन सॅम्युअल बटलर

ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये शोधाच्या चौकटीत नुसतं Samuel Butler टाकायचं आणि येईल ती यादी सरसकट उतरवून घ्यायची, ही पहिली चूक. या नावाचे निदान तीन लेखक आहेत: ‘ह्युडिब्रास’ लिहिणारा सतराव्या शतकातला कवी, एक बिशप आणि त्या बिशपांचाच नातू असलेला कादंबरीकार. साधा शोध तिघांचं कडबोळं करून देतो. त्याऐवजी लेखकनावांची वर्णानुक्रमी यादी उघडा आणि आडनाव आधी टाका. मग जन्ममृत्यूच्या वर्षांसकट नावं एकाखाली एक दिसतात:

```
Butler, Samuel, 1612-1680
Butler, Samuel, 1774-1839
Butler, Samuel, 1835-1902
```

हवी ती ओळ निवडायची, बस. एवढ्यासाठीही लोकांना धीर नसतो.

धीर नसलेल्यांचा लाडका उपाय म्हणजे प्रकाशनवर्षाची चाळणी. १८५० नंतरचं सगळं कादंबरीकाराचं, असा हिशोब. पण ते वर्ष हातातल्या आवृत्तीचं असतं, लेखकाचं नव्हे. ‘ह्युडिब्रास’ केंब्रिजने १९०५ मध्ये छापलं. ते बिनदिक्कत कादंबरीकाराच्या खात्यात जाऊन बसतं. बरं, मृत्यूचं वर्ष हीच शेवटची मर्यादा धरली, तर? कादंबरीकार १९०२ मध्ये गेला आणि त्याची गाजलेली ‘द वे ऑफ ऑल फ्लेश’ आली १९०३ मध्ये. म्हणजे एका चाळणीत नको ते राहिलं आणि दुसरीतून हवं ते गळून गेलं. नोंदीचं मार्क रूप, म्हणजे क्रमांक दिलेल्या फील्डमध्ये मांडलेली मूळ नोंद, उघडून 100 क्रमांकाच्या फील्डमधला d हा उपभाग वाचावा. लेखकाची वर्षं तिथे असतात. प्रकाशनाचं वर्ष 260 किंवा 264 मध्ये.

दुसरा चकवा याच घरातला. नातवाने आजोबांचं चरित्र लिहिलं, १८९६ मध्ये, दोन खंडांत. त्या नोंदीत बटलर दोनदा येतो: 100 मध्ये लेखक म्हणून नातू आणि 600 मध्ये विषय म्हणून आजोबा. सर्व फील्डमध्ये शोधलं की हे पुस्तक दोघांच्याही नावाने सापडतं, आणि आजोबांच्या ग्रंथसूचीत त्यांचंच चरित्र त्यांचीच कृती म्हणून चढतं. लेखक आणि विषय हे शोध वेगवेगळेच करावेत.

कवीचा जन्म कुठे १६१२, कुठे १६१३ दिसला म्हणून चौथा बटलर शोधू नका. तेव्हा इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे फेब्रुवारीतला जन्म जुन्या मोजणीत आधीच्या वर्षात पडतो. अशा वेळी मृत्यूचं वर्ष जुळतंय का ते पाहावं.

नावापुढे वर्षंच नसतील, तर मूळ शीर्षक, संपादक आणि टिपा पाहून ठरवावं. तरीही ठरत नसेल, तर ती नोंद वेगळी ठेवावी, अंदाजाने कुणाच्या गळ्यात बांधू नये.