व्हॉइसओव्हर पक्का करण्याआधी एकाला करून दाखवायला सांगा

आरोग्यपटातलं वाक्य कागदावर बरोबर असतं, पण ऐकणाऱ्याला मागे जाऊन ते पुन्हा वाचता येत नाही. ‘ओआरएसचे द्रावण एक लिटर शुद्ध पाण्यात तयार करून रुग्णास वारंवार द्यावे’ हे ऐकून माणूस मान डोलावतो आणि घरी पेलाभर पाण्यात अर्धी पुडी टाकतो.

म्हणून रेकॉर्डिंगआधी:

१. स्क्रिप्ट न पाहिलेल्या एकाला ती एकदाच वाचून दाखवा.
२. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. पुडी, बाटली, पेला समोर ठेवा आणि करायला सांगा.
३. हात जिथे अडेल तिथलं वाक्य तोडा. एका वाक्यात एकच कृती.

वरचं वाक्य मग असं होतं: ‘लिटरची बाटली घ्या. पिण्याच्या पाण्यानं भरा. अख्खी पुडी त्यात ओता. हलवा. बाळाला चमच्याचमच्यानं पाजा.’ शब्द वाढतात, तेव्हा दृश्यही दोन-तीन सेकंद लांबवा. निवेदकाला पळवू नका.

एक जपा: २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात. पडद्यावर दिसणारी पुडी लिटरचीच आहे ना, ते पाहा.