फ्लोचार्ट तपासताना या चुका टाळा: तुटलेली वाट, राहून गेलेला ‘नाही’ आणि न संपणारा लूप

दोन संख्यांचा मसावि वजाबाकीने काढण्याची युक्लिडची रीत सर्वांना परिचित आहे. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करत राहायचे आणि दोन्ही संख्या समान झाल्या की तीच संख्या मसावि. या रीतीचा फ्लोचार्ट आठ चौकटींत मावतो, पण फ्लोचार्टमध्ये वारंवार आढळणारे तिन्ही दोष एवढ्या लहान आकृतीतही शिरू शकतात. पुढील आकृती पाहा. प्रत्येक चौकटीला क्रमांक दिला आहे आणि बाण कोणत्या क्रमांकाकडे जातो ते समोर लिहिले आहे.

```
१. सुरुवात          → २
२. a, b वाचा        → ३
३. a > b ?   हो → ४   नाही → ५
४. a = a − b        → ३
५. a < b ?   हो → ६
६. b = b − a        → ३
७. a छापा           → ८
८. शेवट
```

आकृती अशी क्रमांकांच्या यादीत उतरवणे हाच तपासणीचा पहिला भाग आहे. कागदावर चौकटी एकाखाली एक काढलेल्या असल्या की बाण नसलेल्या ठिकाणीही तो असल्याचा भास डोळ्यांना होतो, यादीत मात्र रिकामी जागा रिकामीच दिसते. यादी झाली की बाहेर पडणारे बाण मोजावेत. ‘शेवट’मधून एकही बाण निघत नाही, शंकरपाळ्याच्या आकाराच्या निर्णय-चौकटीतून ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन निघतात आणि उरलेल्या प्रत्येक चौकटीतून नेमका एक निघतो. आकृती दोन पानांवर पसरली असेल, तर जोडवर्तुळांच्या जोड्याही याच वेळी जुळवाव्यात, कारण पहिल्या पानावर ‘क’ लिहिलेले वर्तुळ असते आणि दुसऱ्या पानावर त्याचा जोडीदारच नसतो, असे बऱ्याचदा घडते.

या मोजणीत ५ क्रमांकाची चौकट लगेच सापडते, कारण तिला ‘नाही’चा बाणच नाही. ही चूक का होते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. काढणाऱ्याच्या मनात दोनच शक्यता असतात, a मोठा किंवा b मोठा, आणि दोन्हींसाठी त्याने एकेक प्रश्न विचारलेला असतो, म्हणून काम पूर्ण झाल्यासारखे वाटते. तिसरी शक्यता, म्हणजे दोन्ही समान असणे, कोणत्याही प्रश्नात शब्दाने येत नाही. ती फक्त दोन्ही प्रश्नांच्या ‘नाही’मधून व्यक्त होते. १८ आणि १२ घेऊन पाहा. चौथ्या चौकटीत a ची किंमत ६ होते, सहाव्या चौकटीत b ची किंमत ६ होते, तिसऱ्या चौकटीचे उत्तर ‘नाही’ येते, पाचवीचेही ‘नाही’ येते आणि तिथेच वाट संपते. उत्तर हाती आलेले असते, पण ते छापायला जाण्याचा रस्ता नसतो. म्हणून प्रत्येक ‘नाही’वर बोट ठेवून, इथे नेमकी कोणती परिस्थिती पोहोचते, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता आले नाही, तर आकृती अजून तयार झालेली नाही.

बाण मोजून झाल्यावर ‘शेवट’पासून उलटे चालावे, कारण बाणांची संख्या बरोबर असूनही वाट चुकीच्या जागी जाऊ शकते. ‘शेवट’वर खूण करा. तिच्याकडे बाण पाठवणाऱ्या चौकटींवर खूण करा, मग त्यांच्याकडे बाण पाठवणाऱ्या चौकटींवर, आणि नवी खूण करता येईनाशी झाली की थांबा. वरील आकृतीत ८ आणि ७ या दोनच चौकटींवर खुणा होतात, कारण ७ कडे कुणाचाच बाण येत नाही. याचा अर्थ कोणत्याही दोन संख्या दिल्या तरी ही आकृती शेवटापर्यंत पोहोचणार नाही. पाचव्या चौकटीचा ‘नाही’ सातव्या चौकटीकडे नेला की ५, मग ३, मग २, ४ आणि ६, आणि अखेर १ अशा सर्व चौकटींवर खुणा होतात. शेवटी ‘सुरुवात’पासून पुढेही एकदा चालून पाहावे, म्हणजे जिथे कधीच पोहोचता येत नाही अशा चौकटीही उघड होतात.

इथे अनेक जण तपासणी थांबवतात, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. उलट चालण्याने एवढेच कळते की बाहेर पडण्याची वाट काढलेली आहे. ती वाट प्रत्यक्षात कधी घेतली जाईल की नाही, हे त्यातून कळत नाही. दुरुस्त आकृतीला १२ आणि ० द्या. a मोठा आहे, म्हणून १२ − ० = १२. पुन्हा a मोठा, पुन्हा १२. चौथी चौकट a ला नवी किंमत देते, पण ती जुन्या किमतीइतकीच असते. १२ आणि −३ दिल्यास अवस्था आणखी वाईट होते, कारण a ची किंमत १५, १८, २१ अशी वाढतच जाते.

त्यामुळे प्रत्येक लूपसाठी एक प्रश्न विचारावा: प्रत्येक फेरीत नक्की कमी होणारी आणि शून्याखाली जाऊ न शकणारी पूर्णांक राशी कोणती? इथे ती a + b आहे. दोन्ही संख्या धन पूर्णांक असतील, तर वजाबाकीने ही बेरीज दर फेरीला किमान १ ने घटते आणि दोन्ही संख्या धनच राहतात, म्हणून लूप संपलाच पाहिजे. b शून्य असेल तर बेरीज घटत नाही, आणि ऋण असेल तर वाढते. दोष वजाबाकीच्या चौकटींत नसून, दुसऱ्या चौकटीने कोणतीही संख्या स्वीकारली यात आहे, हेही या प्रश्नातूनच स्पष्ट होते.

दुरुस्ती म्हणून २ नंतर ‘दोन्ही धन पूर्णांक आहेत का?’ अशी निर्णय-चौकट घालावी. तिचा ‘नाही’ सूचना छापून पुन्हा २ कडे गेला पाहिजे. तो चुकून त्या निर्णय-चौकटीकडेच वळवला, तर त्याच संख्या पुन:पुन्हा तपासल्या जातील आणि एक दोष काढताना नवा अनंत लूप तयार होईल. गणितात १२ आणि ० यांचा मसावि १२ आहे. तो हवा असेल, तर शून्य नाकारण्याऐवजी त्यासाठी वेगळी फांदी काढावी.

अपूर्णांक मोजणाऱ्या लूपमध्ये ‘समान नाही’ ही अट वापरू नये. x शून्यापासून 0.1 ने वाढवत ‘x ≠ 1 असेपर्यंत’ फिरायचे ठरवले, तर कागदावर दहा फेऱ्या होतात, पण प्रोग्राममध्ये नेहमीच्या दशांश चलासाठी दहाव्या फेरीनंतर x ची किंमत 0.9999999999999999 असते आणि पुढच्या फेरीत ती १ ओलांडून जाते. अट ‘x < 1’ अशी लिहिल्यास लूप संपतो, पण एक फेरी जास्त होते, म्हणून फेऱ्या पूर्णांकात मोजणे अधिक चांगले.

काही लूपमध्ये अशी घटणारी राशी सापडतच नाही. सम संख्या निम्मी करा, विषम संख्येची तिप्पट करून १ मिळवा आणि १ आला की थांबा, हा कोलाट्झचा लूप काढायला चार चौकटी पुरतात. २७ पासून सुरुवात केल्यास तो १११ पायऱ्यांनी संपतो, पण प्रत्येक धन पूर्णांकासाठी तो संपतोच, हे अजून सिद्ध झालेले नाही. कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या कामातून निष्पन्न होते. अशा लूपमध्ये फेऱ्यांचा गणक ठेवून मर्यादा घालावी, कारण ‘उरलेल्या फेऱ्या’ ही राशी दर वेळी १ ने घटतेच. मात्र मर्यादा संपल्यावरचा बाण उत्तर छापणाऱ्या चौकटीकडे नेऊ नये. त्याला ‘मर्यादेत उत्तर मिळाले नाही’ असे छापणारी स्वतंत्र चौकट द्यावी आणि तिथून ‘शेवट’कडे न्यावे.